ब्रोकर बुडाला तरी शेअर कुठे जात नाहीत, पण कधी जाऊ शकतात तेही बघा

«डीमॅट म्हणजे तुमचे शेअर ब्रोकरच्या कंप्युटरमध्ये. ब्रोकर पळाला की शेअर गेले. त्यापेक्षा कागदी सर्टिफिकेट बरं, आणि अॅपवर आज घेतले की आजच नावावर!»

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा फिरून आलं.

शेअर असतात डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेत. भारतात अशा दोन: १९९६ पासूनची एनएसडीएल आणि १९९९ पासूनची सीडीएसएल. ब्रोकर बहुतेकदा त्यांचा सहभागी, म्हणजे खिडकीवरचा माणूस. डीमॅट क्रमांकाची सुरुवात IN ने असेल तर खातं एनएसडीएलचं, सोळाही आकडेच असतील तर सीडीएसएलचं. ब्रोकर बंद पडला तर शेअर दुसऱ्या सहभागीकडच्या खात्यात हलवता येतात.

मग भीती कशाची? कार्वी या ब्रोकर कंपनीने केलं तशाची. तिने ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून शेअर स्वतःच्या डीमॅट खात्यात ओढले आणि ते तारण ठेवून कर्ज उचललं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने तिला रोखलं, डिसेंबरच्या सुरुवातीला सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर परत त्यांच्या खात्यात आले. म्हणजे धोका होता तो शेअर ग्राहकाच्या खात्यातून *बाहेर पडल्यावर*. म्हणूनच आता मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांच्या हमीपोटी, दिलेले शेअर तुमच्याच खात्यात राहतात, त्यांच्यावर फक्त तारणाची खूण पडते. ब्रोकरकडे पडून असलेली रोख रक्कम मात्र वेगळी गोष्ट. ती डिपॉझिटरीत नसते, तिथे जपूनच.

कागदाचं काय? १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आधी डीमॅट करा, मग विका. एवढंच.

‘आजच नावावर’ हे तर नेहमीच्या सौद्यात सरळ चूक. समजा सोमवारी तुम्ही ५० शेअर घेतले. अॅपवर ते लगेच दिसतील, काही अॅपमध्ये बाजूला बारीक `T1` असतं. ती नुसती ब्रोकरची नोंद. सौदे मिटवणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन मंगळवारी विकणाऱ्यांकडून शेअर गोळा करते आणि ते तुमच्या डीमॅटमध्ये जमा होतात. मधे सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. समोरच्याने शेअर दिलेच नाहीत तर एक्स्चेंज लिलावात विकत घेऊन देतं. तिथेही मिळाले नाहीत तर पैशात हिशेब मिटतो. म्हणून मंगळवारी सकाळी, शेअर हाती येण्याआधीच तुम्ही ते विकलेत आणि नेमके ते आले नाहीत, तर लिलावाचा भुर्दंड तुमच्यावर.

माझा मेव्हणा अॅपचा स्क्रीनशॉट दाखवून ‘हे बघ, आहेत’ म्हणायचा. त्याला सीडीएसएलच्या easi या ऑनलाइन सेवेवर लॉगिन करून दिलं. तिथे सोमवारी रात्री त्या शेअरची ओळच नव्हती, बुधवारी सकाळी होती. ब्रोकरचा आकडा आणि हा आकडा सौदा मिटल्यावरही जुळला नाही, तर दुसऱ्याच दिवशी लेखी विचारा, ग्रुपवर फॉरवर्ड करत बसू नका.