नाडी ७८ म्हणून कुणाच्याही गोळ्या घ्यायच्या नसतात

“हृदयाचे ठोके जन्मतः मोजून दिलेले असतात. नाडी ७५च्या वर असेल तर अचानक मृत्यूचा धोका चौपट! गोळीने ती ६०च्या आत आणा, आयुष्य वाढेल. सर्वांना पाठवा.”

हे वाचून माझ्या आईने संध्याकाळचं फिरणं बंद केलं आणि शेजारच्या काकांची, नाडी मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉल गोळ्यांची अर्धी पट्टी मागून आणली. घड्याळात ७८ दिसले होते. तेही जिना चढून आल्या आल्या.

ठोके मोजून मिळतात याला काहीही आधार नाही. पण घटकाभर त्यांचाच हिशेब धरू. चाळीस मिनिटांच्या चालण्यात नाडी ७८ची १०५ झाली, तर हजारभर ठोके जास्त पडले. रोजच्या चालण्याने एरवीची नाडी तीनने जरी उतरली, तरी उरलेल्या दिवसात चार हजार वाचले. मग फिरणं थांबवून काय साधलं?

‘चौपट’ मात्र हवेतलं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पॅरिसच्या अभ्यासात तसं आढळलं होतं. त्यात ४२ ते ५३ वयाचे ५,७१३ नोकरदार पुरुष होते. बाई एकही नव्हती. २३ वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले ८१, म्हणजे हजारात साधारण चौदा. त्यामुळे नाडी ७५च्या वर असलेल्यांतही बहुतेकांना असा मृत्यू आला नाही. कोपनहेगनच्या अभ्यासात तर शारीरिक क्षमतेचा फरक वजा केल्यावरही नाडी आणि मृत्यूचा संबंध उरला. तेव्हा संबंध आहे, मान्य. पण हजारोंच्या सरासरीवरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

खरा राग आहे तो गोळीच्या सल्ल्याचा. नाडी हेच कारण असेल, तर ती उतरवल्यावर धोका उतरायला हवा. हे तपासून झालंय. २०१४च्या सिग्निफाय चाचणीत हृदयधमन्यांचा आजार असलेले, पण हार्ट फेल्युअर नसलेले १९,१०२ रुग्ण होते. आयव्हाब्राडिनने नाडी दहाएक ठोक्यांनी उतरली. पण हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत ६.८ टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ६.४ टक्के, फायदा शून्य. उलट नाडी फार मंदावणं आणि अनियमित होणं गोळीवाल्यांत जास्त दिसलं. हार्ट फेल्युअरमध्ये हेच औषध उपयोगी पडतं, पण ते डॉक्टर ठरवतात. काकांची गोळी दम्याच्या माणसाने घेतली तर श्वास अडकू शकतो. आणि ज्यांना ती लिहून दिली आहे, त्यांनी पट्टी वाटून स्वतःचे डोस चुकवणंही धोक्याचंच. ही गोळी एकाएकी बंद करायची नसते.

नाडी मोजायचीच तर सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, पूर्ण एक मिनिट मोजा. आठवडाभर लिहून ठेवा. ती सतत शंभरच्या वर असेल, किंवा नेहमी ६५ असणारी काही आठवडे ८५वर राहिली, तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, कारण पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. ठोके अनियमित लागत असतील, चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आठवडा थांबू नका.