उंदराची तीन बिळं आणि चीनचा पहिला सम्राट

चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग म्हटलं की लोक थेट मातीच्या सैनिकांवर आणि भिंतीवर जातात. माझं मात्र गेले कित्येक दिवस एका मापावर अडकलंय. शांघायच्या म्युझियममध्ये ब्राँझचं एक छोटं चौकोनी माप आहे, दांडीवालं, साधारण २०० मिली मावेल एवढंच, म्हणजे आपल्या चहाच्या मोठ्या कपाएवढं. त्याच्या बाजूवर कोरलेला मजकूर इसवी सनपूर्व ३४४ चा आहे, म्हणजे हा सम्राट पुढे ज्या राज्याचा राजा झाला त्या चिन राज्याचा मंत्री शांग यांग याच्या काळातला. आणि बुडावर वेगळा मजकूर आहे तो इसवी सनपूर्व २२१ चा, म्हणजे सम्राटाने सहावं आणि शेवटचं राज्य घशात घातलं त्या वर्षीचा. चाळीस अक्षरांचं फर्मान. मतलब एवढाच की सगळी राज्यं एक झाली, प्रजा शांत झाली, आता जी मापं एकसारखी नाहीत किंवा ज्यांच्याबद्दल शंका आहे ती सगळी एकसारखी करा.

आता बघा, १२३ वर्षांपूर्वीचं माप घेतलं, तपासलं, बरोबर निघालं म्हणून त्याच्याच बुडावर नवा हुकूम कोरून टाकला. म्हणजे सम्राटाने नवीन काही शोधलं नाही. चिन राज्यात शंभरेक वर्षं चालू असलेली सिस्टिम त्याने उचलली आणि बाकीच्या सहा राज्यांच्या डोक्यावर ठेवली. पुस्तकात "त्याने वजनं-मापं एक केली" असं एका ओळीत संपवतात ना, ते मला पटत नाही ते यामुळेच. फर्मान काय, कोणीही काढेल. हजार मैलांवरच्या कोठारातलं माप पुढच्या वर्षीपण बरोबर राहील हे कोण बघणार?

हे कळतं एका कारकुनामुळे. १९७५ साली हूपे प्रांतात श्वेहूदी इथे चर खणताना जुनी थडगी लागली. त्यातल्या ११ नंबरच्या थडग्यात शी नावाचा जिल्हा पातळीवरचा एक कारकून होता, इसवी सनपूर्व २६२ चा जन्म, म्हणजे सम्राटापेक्षा तीनेक वर्षांनी मोठाच. त्याच्या डोक्याशी, अंगाशी, पायाशी बांबूच्या अकराशेच्या वर पट्ट्या ठेवलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा पट्ट्यांवर काय तर कायदे, आणि ते कसे लावायचे याची प्रश्नोत्तरं. माणूस मेल्यावरपण नियमावली सोबत घेऊन गेला, याला म्हणतात नोकरी.

त्यातला वजनाचा नियम सांगतो. सगळ्यात मोठं वजन साधारण ३० किलोचं. ते पाव किलोने किंवा त्याहून जास्त चुकीचं निघालं तर त्या कार्यालयाच्या अधिकाऱ्याला एका चिलखताचा दंड, आणि १२५ ग्रॅमपासून पाव किलोच्या आत असेल तर एका ढालीचा. (त्यांचे आकडे त्यांच्या मापात आहेत, मी आपल्या हिशोबात फिरवलेत.) वर ते छोटं माप सांगितलं ना, त्यात विसाव्या भागाची चूक, म्हणजे १० मिली, तरी ढाल गेली. आणि मापं वर्षातून एकदा तरी तपासून घ्यायचीच. बाबांचं किराणा दुकान होतं, वजनमापवाले साहेब येऊन वजनांवर शिक्का मारून जायचे तेव्हा दुकानात कशी शांतता पसरायची ते मला आठवतंय, त्यामुळे हे वाचताना हसूच आलं.

ढाल आणि चिलखत ऐकून गंमत वाटेल, पण दंड पैशातही मोजला जायचा. त्या काळच्या दुसऱ्या पट्ट्यांत भावच दिलाय, चिलखताला १३४४ नाणी आणि ढालीला ३८४. आणि पैसे नसतील तर सरकारी काम करून फेडायचं, दिवसाला ८ नाणी, सरकारचं जेवण घेतलंत तर ६. म्हणजे एका ढालीला ४८ दिवस आणि चिलखताला १६८ दिवस राबायचं, तेही आपल्या घरची भाकरी बांधून. आता माझा सगळ्यात आवडता नियम. कोठारात उंदराची बिळं किती सापडली की शिक्षा? दोनपर्यंत नुसती खरडपट्टी, तीन किंवा जास्त असतील तर एक ढाल. आणि छोट्या चिचुंद्रीएवढ्या उंदराची बिळं असतील तर? तीन छोटी बिळं म्हणजे एक मोठं बीळ धरायचं. हे कुणीतरी बसून ठरवलंय!! कल्पना करा, एक अधिकारी वाकून बिळं मोजतोय आणि दुसरा घाम पुसत "साहेब ते छोटंय हो" म्हणतोय.

तर "कडक कायदे" म्हणतात ते हे. नाक कापणं, पाय तोडणं हेही होतंच, ते मी झाकत नाही. पण राज्य एक झालं ते कोठारवाल्याच्या पोटातल्या भीतीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिपीचंही तेच. ली सी या मंत्र्याने अक्षरांची एक ठरीव वळणदार लिपी बसवली हे खरं, सम्राटाच्या शिलालेखांवर तीच शोभते. पण रोजच्या कागदपत्रांना, म्हणजे पट्ट्यांना, कारकुनांनी भराभर लिहिता येईल असं सरळ वळण वापरलं, आणि पुढे टिकलं ते तेच. बोली प्रत्येकाची वेगळीच राहिली, फक्त अक्षर बघून अर्थ सगळ्यांना कळायला लागला. २००२ साली हूनान प्रांतात लीये इथे एका जुन्या विहिरीत सरकारी दप्तराच्या हजारो पट्ट्या सापडल्या, त्यात एक फळी आहे, कारकुनासमोर टांगून ठेवायची असावी तशी. कुठला शब्द आता बंद आणि त्याऐवजी काय लिहायचं त्याची यादी. राजाच्या कुत्र्याला आता "सम्राटाचा कुत्रा" म्हणायचं. आणि डुकराचा नेहमीचा शब्द बंद, दुसरा वापरा. डुकराचा! साम्राज्य झालं म्हणजे डुकरालासुद्धा सुटका नाही.

मग एवढं सगळं घट्ट बांधलेलं राज्य सम्राट गेल्यावर तीन-चार वर्षांत कोसळलं कसं? सीमा च्यान या इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. इसवी सनपूर्व २०९, चन शंग ९०० माणसं घेऊन सरहद्दीवर निघालेला, पावसाने रस्ता बंद, उशीर म्हणजे मरण, मग तसंही मरायचंय तर बंड करू. पण शीच्या पट्ट्यांत वेठीला उशिरा पोचल्याचा नियम आहे आणि तो असा, तीन ते पाच दिवस उशीर तर खरडपट्टी, सहा ते दहा दिवस तर ढाल, त्याहून जास्त तर चिलखत. आणि पाऊसपाण्यामुळे अडकलात तर ती वेठच रद्द. आता ही वेठ वेगळी आणि सरहद्दीची लष्करी ड्युटी वेगळी, त्यामुळे चन शंग खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, अभ्यासकही यावर भांडतात. पण मला वाटतं कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा त्या ९०० जणांना काय खरं वाटलं तेच महत्त्वाचं ठरलं, आणि चिन राज्यात "उशीर झाला तर मारतील" हे कुणालाही लगेच पटण्यासारखं होतं. धाक असा बसवला होता की सवलत कुणाच्या लक्षातच राहिली नसणार.

शेवटचा सीन मला सगळ्यात जास्त आवडतो. बंडवाले राजधानी श्येनयांगमध्ये घुसले तेव्हा त्यांचा एक म्होरक्या ल्यू बांग याचे सरदार सोनंनाणं आणि रेशीम लुटायला पळाले. त्याचा माणूस श्याव ह, जो आधी जिल्ह्यात कारकुनीच करत होता, तो एकटा सरकारी दप्तराच्या दालनात गेला आणि कायदे, नकाशे, कुटुंबांच्या नोंदी गोळा करून घेऊन आला. ल्यू बांगने आधी लोकांना सांगितलेलं की चिनचे जाचक कायदे गेले, आता फक्त तीनच कायदे. पुढे त्याचं हान राज्य बसलं तेव्हा तीन कायद्यांवर भागेना, आणि श्याव हने नवे कायदे बनवायला घेतले ते चिनच्याच दप्तरातून निवडून.