छतावरचे पेन्सिलीचे आकडे

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी पाहुणा आला की चहाचा पहिला घोट घेतो आणि वर बघतो. पंखा बघायला नव्हे. पंख्याभोवती छतावर पेन्सिलीनं वेड्यावाकड्या रेघा मारलेल्या आहेत आणि प्रत्येक रेघेवर तारीख आहे. एका मावसभावानं तर हळूच विचारलं, "वास्तुदोष आहे का रे?" मी म्हणालो, "हो, पण गच्चीवर."

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात हे सुरू झालं. सोलापूरचा पाऊस जूनमध्ये हजेरी लावतो, जुलैत रजेवर जातो आणि गणपती आले की सगळी थकबाकी एकदम चुकती करतो. तशाच एका रात्रीनंतर सकाळी पंख्याच्या हुकाभोवती ओलीचा एक डाग दिसला. आईनं तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "ज्वारीची भाकरी दिसतेय." आकार खरंच भाकरीचा होता, एका बाजूनं करपलेली. मी मेन स्विच बंद केला, कारण पंख्याच्या वायरीच्या पाईपातून पाणी झिरपत असेल तर भाकरीसोबत शॉकही बसतो. मग फ्लॅश लावून फोटो काढला. तो फोटो नंबर एक.

एप्रिलमध्ये एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. त्यांनी गच्ची झाडली, कोब्यावर दिसणाऱ्या भेगांवर जाळी चिकटवली आणि वरून पांढऱ्या अॅक्रिलिक रबरी कोटिंगचे दोन हात मारले. दुपारी दोन वाजता. एप्रिलमध्ये. सोलापुरात. त्या वेळी गच्चीवर चप्पल काढून उभं राहिलं तर तळव्याला शेंगाचटणीशिवायच झणका बसतो. एवढ्या तापलेल्या कोब्यावर कोटिंगची वरची साय लगेच वाळते, आतली हवा आणि ओल बाहेर पडायला धडपडते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. हे शहाणपण मला नंतर आलं. त्या दिवशी मला फक्त गच्ची लग्नातल्या मंडपासारखी पांढरी दिसली आणि मी खूश झालो. शिवाय ते "फिनिशिंग म्हणून" खालच्या डागावर फुकटात पुट्टी आणि डिस्टेंपरही मारून गेले. सात वर्षांची गॅरंटी तोंडी होती.

मेमध्ये त्यांनीच येऊन फोटो काढला, तो फोटो नंबर दोन. छत दुधासारखं. आता मागं वळून बघताना त्या फोटोचं कौतुक वाटतं. डागावर रंग मारलेला होता. मे महिना असल्यामुळे कित्येक महिने पाण्याचा थेंब पडलेला नव्हता, म्हणजे काहीच केलं नसतं तरी छत कोरडंच दिसलं असतं. त्यात त्यांनी फोनचा झूम ०.५ वर ठेवला होता. त्यात खोली बॅडमिंटन कोर्टएवढी दिसते आणि डाग लिंबाएवढा. एका फोटोत इतक्या लबाड्या बसवायला कलाच लागते.

सप्टेंबर आला. पहाटे कपाळावर थेंब पडला. भाकरी परत आली होती आणि या वेळी जोडीला पापडही होता, दीड फूट बाजूला. हिनं मोबाईल काढून फोटो नंबर तीन घेतला, तोही ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात. कॉन्ट्रॅक्टरला पाठवला तर उत्तर आलं, "हा डाग वेगळा आहे, जुना डाग तर गेला." जुन्या डागाच्या जागी आता भाकरी, पापड असं पूर्ण ताट वाढलेलं होतं, पण ते आम्हाला वेगवेगळे पदार्थ मोजून दाखवत होते.

मग शेजारच्या काकांनी एक म्हातारे गवंडी आणले. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. सरळ गच्चीवर गेले, हातोडीच्या दांड्यानं कोबा ठोकत फिरू लागले आणि कुठं "टण" आणि कुठं "बद" वाजतंय ते ऐकू लागले. म्हणाले, "सर, दिसतंय तिथनं नाही ओ येलालंय. कोबा आन् स्लॅबच्या मधनं चालत आलंय." मला पटेना. पाणी काय, सिटी बस आहे का, इथं चढून तिथं उतरायला? त्यांनी वाद घातला नाही. चिखलाचे बांध घालून गच्चीचे तीन वाफे केले आणि रोज एकाच वाफ्यात पाणी भरलं. पंख्याच्या डोक्यावरचा वाफा पहिला. दिवसभर भरून ठेवला, खाली काहीच नाही. दुसरा कोरडा गेला. तिसरा वाफा कोपऱ्यातला, पावसाचं पाणी जायच्या पाईपापाशी, पंख्यापासून अकरा फूट लांब. तिथं पाणी भरल्यावर संध्याकाळी हुकाभोवती ओल धरली. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरनं जिथं जाळी चिकटवली होती तिथं मुळी गळतच नव्हतं.

नोव्हेंबरात कोपरा फोडला. पाईप आणि कोब्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती आणि कठड्याच्या पायथ्याशी लांबच लांब भेग. गवंड्यांनी फट खरवडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरली. कठडा आणि गच्ची काटकोनात मिळतात तिथं मसाल्यानं कोपरा गोल करून वाटा केला, कारण काटकोनातलं कोटिंग उन्हाळ्या-हिवाळ्यात ताणलं जाऊन नेमकं तिथंच फाटतं. मग सिमेंटच्या पावडरीत लिक्विड मिसळून करतात ते दोन भागांचं कोटिंग, पृष्ठभाग ओलसर करून, सकाळी दहाच्या आत, दोन हात. ते कठड्यावरही फूटभर वर चढवलं. पाण्याचा ढाळ पाईपाकडे नव्हता, तोही सुधारला. आठवडाभर कोटिंगला पिकू दिलं आणि मग म्हणाले, "आता गच्ची भरा, दोन दिवस."

हे वाक्य सोलापुरात उच्चारायला धाडस लागतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आंघोळीच्या पाण्यानं भांडी, भांड्यांच्या पाण्यानं झाडं, अशी आमची संस्कृती. गच्ची तीस फूट बाय वीस फूट. दोन इंच पाणी म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे जवळपास २,८०० लिटर. आमच्या टाकीत मावतं १,००० लिटर. टँकर बोलावला तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, आमच्याकडे लग्न आहे. आई दोन दिवस कठड्याशी उभी राहून त्या पाण्याकडे बघत होती. "एवढं पाणी आणि एकही बादली भरायची नाही?" हा तिचा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

पाण्याची पातळी कठड्यावर पेन्सिलीनं आखली. दुसऱ्या दिवशी ती उतरलेली दिसली आणि माझं काळीज लक्कन हललं. गवंड्यांनी शेजारी एक परात भरून ठेवली होती. परातीतलंही पाणी तेवढंच उतरलं होतं. म्हणजे ते उन्हानं नेलं, स्लॅबनं नाही. गच्चीचं परातीपेक्षा जास्त उतरलं असतं तर रडायचं. इतकी साधी परीक्षा, आणि लागते काय, तर भाकरीचं पीठ मळायची परात.

आता खरी गंमत. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, मी फोटो नंबर चार काढला. भयानक. भाकरीभोवती तपकिरी कडं, मध्ये पांढरा खार फुटलेला, रंगाचे पोपडे लोंबताहेत. हिनं तो आणि मेमधला फोटो नंबर दोन शेजारी शेजारी धरले आणि फक्त माझ्याकडे बघितलं. बत्तीस हजार रुपयांचा हिशेब त्या एका नजरेत होता. पहिल्या कामाचा फोटो दुधासारखा, दुसऱ्याचा कुष्ठरोग्यासारखा. कोणीही सुज्ञ माणूस पहिल्याच कॉन्ट्रॅक्टरला पुन्हा बोलावेल.

मी गवंड्यांना बोलावलं. ते जरा रागावलेच. "वरनं झाकण लावलंय ओ. आतलं पानी जाणार कुठं? खालीच की." स्लॅबच्या पोटात दोन पावसाळ्यांचं पाणी होतं. वरचा रस्ता बंद झाल्यावर ते खालूनच वाळत होतं आणि वाळताना सिमेंटमधले क्षार बरोबर आणून छतावर सोडत होतं. चहाचा सांडलेला थेंब वाळला की कडेला गडद कडं उरतं, तसं. ते कडं म्हणजे ओल नव्हे, ओल होती याचा दाखला. फोटोत मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

मग त्यांनी मला ती पेन्सिल दिली. डागाच्या कडेनं रेघ मारायची, तारीख लिहायची. नवी ओल आली तर ती रेघ ओलांडते. वाळत असेल तर आतल्या आत फिकी पडते. मी त्यात भर घातली, कारण मी दोन वर्षांत फोटोंच्या बाबतीत पोळलो होतो. फोटो नेहमी सकाळी नऊला, खिडकी उघडी, ट्यूब बंद, फ्लॅश नाही. फोन नेहमी पलंगावरच्या त्याच उशीवर, पंख्याचा हुक फोटोच्या बरोब्बर मध्यभागी. डागाशेजारी सेलोटेपनं एक कोरा पांढरा कागद चिकटवायचा, कारण फोन स्वतःच रंग सुधारतो आणि कागद पिवळा दिसला की कळतं, आज फोन खोटं बोलतोय. आणि दर महिन्याला छतावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवायचा. आतून दव धरलं तर स्लॅब अजून ओला. हिवाळ्यात दव आलं, मार्चमध्ये थोडं, मेमध्ये अजिबात नाही.

अर्थात मेमध्ये आमच्याकडे माणसालाही दव येत नाही, म्हणून मेचा निकाल मी धरला नाही. हिला भिंतीचा रंग हवा होता, मी सप्टेंबरचा हट्ट धरला. घरात या विषयावर जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

सप्टेंबरात तीन दिवस झोडपून पाऊस झाला. चौथ्या दिवशी नऊ वाजता मी उशीवर फोन ठेवला. खार तसाच, कडं तसंच, पण पेन्सिलीची रेघ कुठंही ओलांडलेली नव्हती आणि प्लास्टिक कोरडं होतं. फोटो नंबर बारा. दिसायला अगदी घाणेरडा. मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी रडणारा चेहरा पाठवला, मावशीनं हात जोडले.

परवा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. त्यांची गच्ची गळते. म्हणाले, "एका कॉन्ट्रॅक्टरच्या स्टेटसला दुधासारखं छत पाहिलं, बारीक बघितलं तर तुमचा पंखा. तेवढा त्यांचा नंबर द्या की." आई स्वयंपाकघरातून परात घेऊनच बाहेर आली.