खानापूरच्या क्लासच्या रेकॉर्डिंगबद्दल

"दहावीच्या जादा तासाचं रेकॉर्डिंग करून घेतलं. सरांचा आवाज छान, पण मुलांचे प्रश्न काहीच कळत नाहीत. कॉलर माईक हलक्या प्रतीचा लावला असणार. पैसे वाया."

नमस्कार सर. बरेच प्रश्न ऐकू येत नाहीत हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण 'हलक्या प्रतीचा माईक' हे वाचून फार वाईट वाटलं. कितीही महाग कॉलर माईक घेतला तरी मागच्या बाकावरचा प्रश्न त्यात नीट येत नाही. तो सरांच्या तोंडापासून वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर असतो. चौथ्या बाकावरची मुलगी तिथून ४ मीटर, म्हणजे वीसपट लांब. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, वीसपटीला २६ नं. भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो, पण तो घुमलेला असतो, शब्द लागत नाहीत. एडिटिंगला मी प्रश्न वाढवून बघितले, तर पंख्याची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊसही तेवढाच वाढला.

म्हणूनच मी दुसरा फोन आणला होता. एअरप्लेन मोडवर टाकून तो मधल्या ओळीत तिसऱ्या बाकावर ठेवला, माईकची खालची कड मुलांकडे करून. खाली टॉवेलची घडी होती, कारण बाकावर नुसतं पेन पडलं तरी फोनमध्ये धप्प आवाज येतो. सुरुवातीला टाळी वाजवली ती दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला. पहिली २५ मिनिटं परत ऐका, समरूप त्रिकोणावरचा प्रश्न शब्दन् शब्द कळतो. पुढे मुलांना वही ठेवायला जागा नाही म्हणून आपणच फोन खिडकीत ठेवायला लावलात. सर बोलायचे थांबले की फोन आपोआप संवेदनशीलता वाढवतो, आणि खिडकीत त्याला सगळ्यात जवळ पाऊसच होता. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. "चालतंय, घ्या" असं आपण म्हणालात.

तरीही तिथं हेडफोन लावून एकदा ऐकून बघायला हवं होतं, ते राहिलं, ती चूक माझी. उत्तर देण्याआधी सरांनी प्रश्न परत म्हणावा अशी विनंती केली होती, पण शिकवण्याच्या ओघात त्यांच्याकडून ते राहून गेलं. त्यांना दोष देत नाही. मीच मागून हात करून आठवण द्यायला पाहिजे होती.

लग्नसराई संपली की आमचं घर अशाच कामांवर चालतं, सर. लिहिण्याआधी एक फोन केला असतात तर बरं झालं असतं. यापुढे दुसरा फोन बाकाऐवजी स्टँडवर लावू, बाकीचंही बघतो. सरांकडून प्रश्न लिहून मिळाले तर व्हिडिओत खाली पट्टीवर टाकून देतो, त्याचे पैसे नकोत.