अक्षरे मोजून यंत्र सापडत नाही

‘कविता यंत्राने केली की माणसाने, ते असे ओळखा. एक, प्रत्येक ओळीत अक्षरे सारखीच भरतात. दोन, यमक कुठेही चुकत नाही. तीन, माड, समुद्र, पाऊस, चंद्र अशा त्याच त्या प्रतिमा येतात. चार, शुद्धलेखनाची एकही चूक नसते. माणूस असे बिनचूक लिहीत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा.’

हा संदेश गावातल्या कविसंमेलनाच्या आयोजकांपर्यंत पोचला आणि माझ्या भाचीची कविता यादीतून गेली. कारण सांगितले ते पहिल्याच मुद्द्याचे, आणि नेमका तोच सगळ्यांत अडाणीपणाचा आहे.

माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याचे तीन वर्ग केले: छंद, जाती आणि वृत्त. छंदात अक्षरांची संख्या ठरलेली, जातीत मात्रांची, वृत्तात लघुगुरूंचा क्रम. म्हणजे छंदात लिहायचे तर अक्षरे सारखी भरायलाच हवीत. बोरीच्या बाकीबाब बोरकरांची ओळ बोटांवर मोजून बघा. ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ आठ अक्षरे, ‘गड्या नारळ मधाचे’ आठ. पुढे ‘घट फुटती दुधाचे’ आठ. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान’ घ्या: सहा, सहा, सहा आणि शेवटी ‘ठेवोनिया’ चार. या कसोटीला हे दोघेही नापास होतील.

माझी भाची लहानपणापासून देवळातल्या भजनात बसते. पखवाजाच्या ठेक्यावर एक अक्षर जास्त आले तर गाणाऱ्याला ते कुठेतरी कोंबावे लागते, ते तिच्या कानाला तिथल्या तिथे कळते. तिला आठ अक्षरे मोजावी लागत नाहीत.

उलट यंत्र अडखळते ते इथेच. ‘च्या’ हे आपल्याला एक अक्षर, पण संगणकात च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हे. भाषेचे यंत्र शब्दांचे तुकडे पाडते ते या चिन्हांच्या आधाराने, कोणते तुकडे वारंवार येतात ते बघून. अक्षर किंवा लघुगुरू हे त्याचे माप नव्हे. त्यामुळे ते कवितेसारखे दिसणारे लिहिते, पण मोजायला घेतले की पुष्कळदा सांडते. समजावण्यापुरत्या त्या धाटणीच्या दोन ओळी मीच जुळवतो:

माडांच्या सावलीत मन रमून जाते
सागराच्या लाटांसंगे स्वप्न उमलून येते

पहिलीत चौदा अक्षरे, दुसरीत सोळा. दुसरीत आठव्या अक्षरावर ‘लाटांसंगे’ संपते आणि श्वास घेता येतो. पहिलीत आठवे अक्षर ‘मन’मधला ‘म’, म्हणजे थांबलात तर शब्दच तुटतो. डोळ्यांनी वाचताना हे लक्षात येत नाही, गाताना लगेच येते.

यमकाचेही इथेच बघून घ्या. ‘जाते’ आणि ‘येते’ यांत जुळतो तो क्रियापदाचा शेवटचा ‘ते’, बाकी काही नाही. ‘मधाचे’ आणि ‘दुधाचे’ यांत ‘धाचे’ एवढा सगळा भाग जुळतो, शिवाय दोन्ही नामे आहेत आणि दोन्ही त्या चित्रातलीच आहेत. ओळीमागून ओळ जाते, येते, होते, गाते अशी संपत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण घाईत लिहिणारी माणसेही हेच करतात. आणि यंत्राकडून पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतले, किंवा माणसाने हात फिरवला, तर अक्षरेही भरतात. म्हणून अक्षरे भरली याने काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचे ना तिकडचे.

प्रतिमांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारत नाही. स्वप्नांचे पंख, आशेचा किरण, मनाचा सागर, आणि शेवटच्या कडव्यात उपदेश: असे कुठल्याही गावाला चालेल असे लिहिणे यंत्राला फार सोपे जाते. पण गोव्यात माड आणि समुद्र दारात असतात, त्यांच्यावर लिहिले म्हणून कोणाला दोषी कसे धरता? बघायचे ते हे की प्रतिमा पाहिलेल्या वस्तूसारखी वागते का. भाचीच्या कवितेत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची मानस आहे, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी झडप. भरती चढली की तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. कवितेतले दारही भरतीलाच मिटते, आणि रुसलेल्या आजीचे बोलणे त्याच्याशी बांधलेले आहे. ‘मानस’ हा शब्द यंत्रही टाकील, पण दार कधी मिटते ते पुष्कळदा चुकवील. हीसुद्धा पक्की खूण नव्हे, पण अक्षरे मोजण्यापेक्षा बरी.

शुद्धलेखनाबद्दल एवढेच की तिची कविता तिच्या शिक्षकांनी तपासली होती. संमेलनाला पाठवताना कोणीही तपासून घेतो.

आयोजकांना खरेच शंका असेल तर चार ओळींवरून निकाल देऊ नका. तिला समोर बसवा, कविता तालावर म्हणायला सांगा, कोणत्या ओळी खोडल्या आणि का ते विचारा. तिची वही तिच्याकडे आहे, खाडाखोडीसकट. ती बघा आणि कविता यादीत परत घ्या.