‘नाव नको, की बातमीच नको?’

नाशिकच्या जिल्हा डेस्कवर लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाडहून बातम्या येतात. त्यातल्या बऱ्याच बातम्या ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ या एका वाक्यावर उभ्या असतात. माझं स्पष्ट मत आहे की एवढंच लिहिलेली बातमी डेस्कने परत पाठवावी. नाव लपवणारा माणूस खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. पण त्याच्याशी नेमकं काय ठरलं होतं, हे बहुतेक वेळा वार्ताहराने विचारलेलंच नसतं.

ऑन द रेकॉर्ड म्हणजे नाव, पद आणि शब्द, तिन्ही छापता येतात. बॅकग्राउंड म्हणजे माहिती छापायची, नाव नाही, आणि त्या माणसाचं वर्णन कसं करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचंच नाही. अडचण अशी की आपल्याकडे ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात बॅकग्राउंड असतं. बातमी यावी असं त्यांना वाटतं, फक्त आपलं नाव त्यात नको असतं. म्हणून इंग्रजी शब्दांवर विसंबू नका. सरळ विचारा, ‘साहेब, नाव नको, की बातमीच नको?’ या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं ऐकू नये.

एक उदाहरण घेतो. समजा, जिल्ह्यातल्या एखाद्या बाजार समितीतला परवाना विभागाचा लिपिक तुम्हाला सांगतो की काही कांदा व्यापाऱ्यांच्या बँक हमीची मुदत संपलेली असताना त्यांचे परवाने नूतनीकरण करून दिले. ही हमी कशासाठी असते, ते आपल्या वाचकाला चांगलं माहीत आहे. व्यापारी पैसे बुडवून पळाला तर शेतकऱ्याला काही तरी हाती लागावं म्हणून ती असते. बातमी मोठी आहे. लिपिक म्हणतो, नाव नको.

आता वर्णनाचा प्रश्न येतो. ‘परवाना विभागातील एका कर्मचाऱ्याने सांगितले’ असं छापलं आणि त्या विभागात तीनच माणसं असली, तर संध्याकाळपर्यंत सचिवांना नाव कळलेलं असतं. मुंबईत मंत्रालयातला ‘एक अधिकारी’ गर्दीत दडतो. तालुक्याच्या गावात पदनाम म्हणजे जवळपास नावच. उलट टोकाला ‘सूत्रांनी सांगितले’ असं लिहिलं तर लिपिक सुरक्षित राहतो, पण हे सांगणारा कागद पाहिलेला माणूस आहे की चहाच्या टपरीवर ऐकलेलं सांगतोय, हे शेतकऱ्याला कळत नाही. शिवाय माणूस एकच असताना अनेकवचन लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे.

माझ्या मते वर्णन माणसाच्या पदावर न बेतता, त्याला ही माहिती कशी ठाऊक आहे यावर बेतावं. उदाहरणार्थ, ‘परवान्यांची कागदपत्रे प्रत्यक्ष पाहिलेल्या एका व्यक्तीने सांगितले’. ही कागदपत्रं लिपिक पाहतो तशी सचिव, संचालक, लेखापरीक्षकही पाहतात, म्हणून तो झाकला जातो. माहिती कुठून आली, हेही वाचकाला समजतं. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. वर्णन मोघम करता येतं, खोटं करता येत नाही. लिपिकाला ‘वरिष्ठ अधिकारी’ करायचं नाही, समितीतल्या माणसाला ‘व्यापारी वर्तुळातील’ म्हणायचं नाही. ठरलेलं वाक्य त्याला शब्दशः वाचून दाखवायचं आणि वहीत त्याच्या बोलण्याशेजारी लिहून ठेवायचं.

नाव का दिलं नाही, त्याचं कारण बातमीत द्यावं, असं मी आग्रहाने सांगतो. पण तिथेही जपून. ‘नोकरी जाण्याच्या भीतीने’ असं लिहिलं की माणूस नोकरदार आहे हे उघड झालं, व्यापारी आणि संचालक यादीतून वजा झाले. ‘कारवाईच्या भीतीने’ पुरतं.

मराठीत आणखी एक धोका आहे, आणि डेस्कवर तो सर्रास निसटतो. अवतरणात बोलणाऱ्याचं तोंडचं वाक्य जसंच्या तसं दिलं, ‘मी फाइल घेऊन गेले होते’, तर बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. तीन जणांच्या विभागात एकच बाई असली तर खेळ संपला. अशा वेळी अवतरण मोडून अप्रत्यक्ष निवेदन करावं आणि ‘व्यक्ती’ हाच शब्द शेवटपर्यंत ठेवावा. त्या माणसाची बोलण्याची लकब, गावाकडचा ठसा, सगळं काढायचं. कागदाचा फोटोही छापू नये. हाताने मारलेली खूण, शिक्क्याची जागा, झेरॉक्सवरची रेघ, यावरून प्रत कोणाच्या टेबलावरची ते ओळखू येतं.

आता दुसरा माणूस. त्याच प्रकरणात सहकार खात्याचा एक अधिकारी तुमच्याशी पंधरा मिनिटं मोकळेपणाने बोलतो आणि उठताना म्हणतो, ‘हे सगळं ऑफ द रेकॉर्ड.’ हे बंधनकारक नाही. करार बोलण्याआधी होतो, दोघांच्या संमतीने होतो, मागे जाऊन लागू होत नाही. रोज पत्रकारांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा आमदाराला हे माहीत असतं, तिथे मी ढिलाई देणार नाही. पहिल्यांदाच वार्ताहराशी बोलणारा शेतकरी किंवा हमाल असेल, तर मात्र त्याला आधी समजावून सांगायची जबाबदारी आपली होती. त्याने नंतर नाही म्हटलं तर ऐकावं.

आणि खरोखर आधी ठरवून ऑफ द रेकॉर्ड ऐकलं असेल, तर ते बातमीत कुठल्याच वेषात येता कामा नये. ‘असे समजते’, ‘अशी चर्चा आहे’ या चोरवाटा आहेत. आपल्या पानांवर सर्वाधिक वचनं इथेच मोडतात. त्या माहितीच्या आधारे दुसरीकडे शोध घेता येतो. माहिती अधिकारात नूतनीकरणाच्या तारखा आणि हमीच्या मुदती मागता येतात, उत्तर द्यायला कायद्याने साधारण 30 दिवस मिळतात. पण सभापतींना प्रश्न विचारताना ‘तुमच्याच माणसाने सांगितलं’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. फक्त कागदावरच्या तारखांबद्दल विचारा. त्यांचं उत्तर नावानिशी छापा, उत्तर मिळालं नाही तर केव्हा आणि कसा संपर्क केला ते लिहा.

वचन वार्ताहर देतो, पण पाळायचं अख्ख्या वृत्तपत्राने. अमेरिकेत 1982 च्या एका निवडणुकीत वार्ताहरांनी माहिती देणाऱ्याचं नाव न छापायचं कबूल केलं आणि संपादकांनी ते छापलं. त्या माणसाची नोकरी गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1991 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि शेवटी त्याला दोन लाख डॉलर भरपाई मिळाली. म्हणून वचन देण्याआधी संपादकांना नाव सांगावं लागेल का, हे त्या लिपिकालाही सांगा. आपल्याकडे प्रेस कौन्सिल कायदा 1978 च्या कलम 15(2) नुसार कौन्सिल पत्रकाराला स्रोत सांगायला भाग पाडू शकत नाही. हे संरक्षण कौन्सिलपुरतंच आहे, न्यायालयापुढे ते चालत नाही. लिपिकाला ‘काही होणार नाही’ असं सांगणारा वार्ताहर त्याला अंधारात ठेवतोय.

बोलणं संपल्यावर वही मिटायच्या आधी आणखी एक काम करावं. एकेक वाक्य परत वाचून दाखवून विचारावं, ‘यातलं कुठलं नावानिशी चालेल?’ परवाना देण्याची रीत काय, हमी किती काळाची असते, अर्ज कोणाकडे जातो, अशा निरुपद्रवी गोष्टींना लोक बऱ्याचदा हो म्हणतात. पण बॅकग्राउंडवर बोललेल्या लिपिकाच्या बाबतीत हे हो ऐकूनही थांबायचं. त्याच बातमीत तो नावानिशी रीत सांगताना दिसला, तर बाकीचं कोणी सांगितलं ते ओळखायला सचिवांना वेळ लागत नाही. त्याचं नाव त्या बातमीत मुळीच घ्यायचं नाही, आणि रीत दुसऱ्या कोणाकडून, नावानिशी घ्यायची.