फोटो उलटा कर, संजय

संजयने दिवाळी अंकासाठी कथा लिहिलीय. एस.टी. स्टँडमागच्या कट्ट्यावर परवा त्याने ती अख्खी वाचून दाखवली आणि नंतर दोन तास जे भांडण झालं ते इथे उतरवतोय. कथा थोडक्यात अशी : तहसील कार्यालयातल्या एका लिपिकाला जिन्यात पासपोर्ट साइज फोटो सापडतो. फोटो एका तरुण मुलीचा. तो कित्येक आठवडे गावभर फोटो दाखवत हिंडतो. मालकीण काही सापडत नाही, शेवटी फोटो त्याच्या पाकिटातच राहतो.

पहिला बार वंदनाने टाकला. "अनोळखी मुलीचा फोटो घेऊन हा बाप्या पानपट्टीवर विचारत फिरतो, आणि त्याला कोणी एक थोबाडीत पण देत नाही?"

"अगं, तो निरागस आहे," संजय म्हणाला.

"तो असेल. गाव नाहीये ना! आणि शेवटी फोटो पाकिटात? म्हणजे शोधत होता की जमवत होता?"

यावर संजयकडे उत्तर नव्हतं. फोटो म्हाताऱ्याचा करायचा, एवढं त्याने मुकाट कबूल केलं. मला वाटलं संपलं. पण नाना तोवर गप्प बसले होते, आणि नाना गप्प असले की काहीतरी येतं. आयुष्य महसूल खात्यात गेलंय, अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले.

"तुझा माणूस लिपिक वाटतच नाही," ते म्हणाले. "पानंच्या पानं चेहरा बघत बसलाय. डोळ्यांत काय आहे, ओठांवर काय आहे. अरे, कारकून फोटो हातात आला की आधी उलटा करतो."

"मागे काय असतं?"

"डिंक असतो. कागदाचे तंतू चिकटलेले असतात. पिनेची भोकं असतात. तुझ्या फोटोच्या मागे काय होतं?"

संजयने वहीत पाहिलं. मागे काहीच नव्हतं. म्हणजे लिहिलंच नव्हतं.

नानांचं म्हणणं असं, की सरकारी कार्यालयाच्या जिन्यात पडलेला फोटो दोनच प्रकारचा असतो. मागची बाजू कोरी असेल तर तो कोणाच्या तरी खिशातून पडला, त्याचा नाद सोडायचा. मागे डिंक वाळलेला असेल तर तो कुठल्या तरी कागदावरून सुटलाय, आणि तो कागद बहुतेक त्याच इमारतीत आहे. मग माणूस शोधायचाच नाही. फोटोची चौकट रिकामी असलेला कागद शोधायचा.

इथे बाळू स्टुडिओवाला पुढे सरसावला. त्याच्या मते चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो बसतात, त्यामुळे एक सापडला म्हणजे त्याची सात भावंडं बाहेर कुठे ना कुठे चिकटलेली असणारच. "आणि साक्षांकनाचा शिक्का बघायचा. चकचकीत कागदावर शिक्क्याची शाई धरत नाही. अंगठ्याने पुसली जाते. सरळ धरला तर काही दिसत नाही, उजेडात तिरका धरला की अक्षरं उठतात."

नानांचे डोळे चमकले. "तेच! शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर मारायचा नियम कशासाठी? कोणी फोटो बदलू नये म्हणून. म्हणजे उरलेला अर्धा शिक्का कागदावर बसलाच आहे."

मग त्यांनी आमच्यासमोर ती कथाच सोडवून दाखवली. साल 2009 धरा, म्हणाले. त्यानंतर काही वर्षांत स्वयंसाक्षांकन आलं, अर्ज ऑनलाइन झाले, फोटो स्कॅन होऊन जायला लागले. कॉम्प्युटरमधला फोटो जिन्यात पडत नाही. तर 2009. फोटो टोपीवाल्या म्हाताऱ्याचा. खालच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईची कमान, आणि तिरकं धरल्यावर त्यात 'ग्णालय' एवढीच अक्षरं. म्हणजे ग्रामीण रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयाचा शिक्का आणि फोटो एकत्र कशावर येतात? वयाच्या दाखल्यावर. जन्माची नोंद नसलेल्या म्हाताऱ्याला वयाचा दाखला कशाला लागतो? श्रावणबाळ योजनेला. वय पासष्ट पूर्ण पाहिजे ना!

कट्ट्यावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग संजयच वैतागला. "नाना, तुम्ही एका दुपारीत शोधलंत. माझ्या कथेत आठवडे जायला पाहिजेत!"

"जातीलच की. तुझा लिपिक कुठल्या टेबलाचा?"

"ठरवलं नाही."

"भूसंपादनाचा कर. श्रावणबाळचे अर्ज त्याच्या टेबलाचे नाहीत. दुसऱ्याच्या गठ्ठ्याला हात लावायचा नसतो. त्या टेबलाचा माणूस निवडणुकीच्या कामाला गेलाय. आला की म्हणणार, कुठल्या गठ्ठ्यात बघू? प्रलंबितमध्ये? प्रतीक्षाधीनमध्ये? का समितीपुढे गेलेल्या अर्जांत? रुग्णालयात जावं, तर दाखल्यांच्या रजिस्टरला नावं असतात, फोटो नसतात. आठवडे काय, महिने जातील."

मला विचाराल तर इथे कथा पहिल्यांदा कथा झाली. संजयचा लिपिक हिंडत होता ते लेखकाला हिंडवायचं होतं म्हणून. नानांचा लिपिक अडतोय तो टेबलांमुळे. तो शोधतोय तो माणूस कदाचित रोज खाली व्हरांड्यात येऊन बसत असेल, आणि याचं लक्ष रिकाम्या चौकटीवर. (संजयला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हे मी लिहिणारच होतो." असो.)

वंदनाने नेमकं विचारलं, "पण म्हाताऱ्याचं काय? फोटो नाही म्हणून अर्ज अडला असेल ना?"

"त्रुटी काढली असेल. पत्र गेलं असेल. पत्र वाचणारं घरी कोणी नसेल, तर मुदतीनंतर निकाली."

"मग सापडल्यावर लिपिकाने गुपचूप डिंक लावून फोटो चिकटवून टाकायचा. शेवट!" बाळू म्हणाला. संजयलाही ते आवडलं. त्याने लिहायलाही घेतलं.

नाना भडकले. "खबरदार! दुसऱ्याच्या संचिकेत फोटो चिकटवणं म्हणजे अभिलेखात फेरफार. उद्या कोणी तक्रार केली तर हा घरी बसेल."

"शिक्का जुळतोय की!"

"जुळू दे. त्याने टिपणी ठेवायची." आणि नानांनी तिथल्या तिथे सांगितलं, संजयने लिहून घेतलं : "सोबतचे छायाचित्र कार्यालयाच्या जिन्यात आढळून आले. त्यावरील शिक्क्याचा भाग अर्जासोबतच्या वयाच्या दाखल्यावरील शिक्क्याशी जुळतो. सबब, अर्जदारास समक्ष बोलावून ओळख पटवून प्रकरण फेरविचारार्थ घेणेस मान्यता असावी. आदेशार्थ सविनय सादर."

"आणि साहेब काय लिहितील?" वंदनाने विचारलं.

"साहेब लिहितील, चर्चा करावी."

"म्हणजे?"

"म्हणजे चार दिवस. साहेब दौऱ्यावर असले तर आठ."

संजयने पेन खाली ठेवलं. त्याला डिंकच हवा होता. वंदना डिंकाच्या बाजूने, बाळू आता नानांच्या बाजूने, आणि मी टिपणीच्या बाजूने आहे, कारण ती चार वाक्यं संजयच्या अख्ख्या कथेपेक्षा बरी जमलीत. अंकाची मुदत पुढच्या शनिवारी संपते. संजय म्हणतोय टिपणी घेईन, पण 'सविनय' काढून.

नाना म्हणाले, "सविनय काढलंस तर फाइल परत येईल."